केळी पॅकहाउसचा माळा: एक खांब खचला, बीम कुठे दुखतोय? (कामाच्या नोंदी)

काम यावल तालुक्यातल्या एका केळी पॅकहाउसमधलं. खाली केळी धुण्याच्या टाक्या, वर खोक्यांचा माळा. माळ्याखाली तीन समांतर बीम आहेत आणि त्यातल्या मधल्या बीमचा एक खांब खचला. असंच काम कुणाच्या वाट्याला आलं तर उपयोगी पडावं म्हणून नोंदी ठेवल्या. सगळी मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये आणि बळं किलोन्यूटनमध्ये आहेत, म्हणून दर वेळी एकक लिहिलेलं नाही.

6 जानेवारी 2025

पाहणी केली. बीम आयएसएमबी 300, चार टेकांवर सलग: अ, ब, क, ड. अ-ब 5 मीटर, ब-क 6 मीटर, क-ड 5 मीटर. अ आणि ड ही टोकं भिंतीतल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर नुसती टेकलेली. ब आणि क खाली लोखंडी खांब आहेत. बीम एकसंध आलेला नाही. तीन तुकडे आणून जागेवर ठेवले आणि ब व क च्या डोक्यावर वरून-खालून पट्ट्या वेल्ड करून जोडले.

ब च्या खांबाशेजारूनच टाक्यांच्या सांडपाण्याचा पाइप जातो. त्याचा सांधा फरशीखाली उघडा पडला होता. पाऊसभर आणि त्यानंतरही पाणी थेट पायात मुरत राहिलं. पाया काळ्या मातीतच संपवलेला, 1.2 मीटर चौकोनी. माळा भरला की या पायावर सुमारे 122 येतात, म्हणजे चौरस मीटरला 85. कोरड्या मातीने ते कसंबसं पेललं असेल, पण भिजलेल्या काळ्या मातीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

ऑटो लेव्हल लावून चारही टेकांवर बीमची पातळी घेतली. अ 0, क 1 मिलिमीटर खाली, ड 0, ब 19 मिलिमीटर खाली. आप्पांना, म्हणजे मालकांना, बीम ब पाशी वाकलेला दिसतो म्हणून तिथेच मोडेल अशी भीती. मला मात्र क च्या वरच्या पट्टीच्या वेल्डपाशी रंगाला बारीक तडा दिसला. फोटो काढून ठेवला.

8 जानेवारी

आधी वजन. सिमेंटच्या तयार फळ्या 125 मिलिमीटर जाड, वर 50 मिलिमीटर कोबा, बीमच्या वाट्याला 2.7 मीटर रुंदी. बीमचं स्वतःचं वजन धरून मीटरला 12 चा कायमचा भार येतो. खोक्यांचे आणखी 8 धरले. फळ्या नुसत्या ठेवलेल्या आहेत, बीमला कुठे जखडलेल्या नाहीत. त्यामुळे ताठरपणा एकट्या लोखंडाचा धरला:

```
I  = 8603.6 cm⁴
E  = 2×10⁵ N/mm²
EI ≈ 17200 kN·m²
```

नुसत्या कायमच्या भाराने, खांब जागेवर असते तर, ब आणि क दोन्हीकडे 36.5 हॉगिंग येतं. म्हणजे बीमची वरची बाजू ताणात. खोक्यांचा भार ब-क आणि क-ड या दोनच गाळ्यांत भरला तर क वर सर्वात वाईट, 64. ब ला उलट्या बाजूने तेवढंच.

आता जोड. वरच्या पट्टीला प्रत्येक बाजूला 6 मिलिमीटरचं फिलेट वेल्ड, मोजलं तर एकूण 510 मिलिमीटर लांबीचं. वर्किंग स्ट्रेस पद्धतीने मिलिमीटरमागे 0.45 धरले की पट्टी 230 ओढते, आणि 0.3 मीटरच्या अंतराने जोडाची ताकद 69. बीमचा छेद याहून बराच दणकट आहे, तेव्हा या कामात मर्यादा बीमची नाही, जोडाची. 64 ला 69 म्हणजे मुळातच फारशी सवड ठेवलेली नव्हती.

9 जानेवारी

खचण्याचा हिशेब मोमेंट डिस्ट्रिब्युशनने, हाताने. 19 ला थेट हात न घालता ब 10 मिलिमीटर खचला असं धरून एकच तक्ता केला. सगळं प्रमाणात वाढतं, त्यामुळे नंतर हव्या त्या आकड्याने गुणता येतं. हे करून ठेवलं ते बरं झालं, कारण 19 हा आकडा पुढे टिकला नाही.

ब खाली गेला की अ-ब गाळा घड्याळाच्या दिशेने कलतो आणि ब-क उलट दिशेने. म्हणून सुरुवातीच्या मोमेंटची चिन्हं दोन गाळ्यांत उलटी असतात. क-ड ची दोन्ही टोकं जागेवरच आहेत, तिथे शून्य. घड्याळाच्या दिशेचं मोमेंट धन धरलं.

```
ब-क, दोन्ही टोकांना:        6EIδ/L² = 6×17200×0.010/36 = 28.7
अ-ब, ब टोकाला (अ मोकळं):   3EIδ/L² = 3×17200×0.010/25 = 20.6
```

अ हे टोक नुसतं टेकलेलं असल्यामुळे तिथे 6 ऐवजी 3 येतो आणि त्या गाळ्याचा ताठरपणाही 4EI/L ऐवजी 3EI/L धरायचा. दोन्ही बदल बरोबरच करावे लागतात. माझ्या हाताखालच्या पोराने ताठरपणा 3 चा घेतला आणि मोमेंट 6 चंच ठेवलं. तक्ता छान जुळला, बेरीज शून्य आली आणि ब वर 21 ऐवजी 31 निघाले. तक्ता जुळणं म्हणजे फक्त वाटणी बरोबर झाली. सुरुवातीचा आकडा चुकला असेल तर तक्ता त्याबद्दल काहीच सांगत नाही.

ब पाशी वाटणी: 3/5 ला 4/6, म्हणजे बअ ला 0.474 आणि बक ला 0.526. क पाशी त्याचंच आरशातलं रूप.

| | बअ | बक | कब | कड |
|---|---|---|---|---|
| सुरुवात | −20.6 | +28.7 | +28.7 | 0 |
| वाटणी | −3.8 | −4.3 | −15.1 | −13.6 |
| पलीकडे | | −7.6 | −2.1 | |
| वाटणी | +3.6 | +4.0 | +1.1 | +1.0 |
| पलीकडे | | +0.6 | +2.0 | |
| वाटणी | −0.3 | −0.3 | −1.1 | −0.9 |
| पलीकडे | | −0.5 | −0.2 | |
| वाटणी | +0.2 | +0.3 | +0.1 | +0.1 |
| एकूण | −20.9 | +20.9 | +13.4 | −13.4 |

म्हणजे 10 मिलिमीटरला ब वर 21 सॅगिंग आणि क वर साडेतेरा हॉगिंग. चिन्हाची खात्री करायला स्टीलची फूटपट्टी चार खोडरबरांवर ठेवून एक रबर काढून घेतलं तरी पुरतं: काढलेल्या जागी पट्टी खाली पोटाळते, शेजारच्या रबरावर पाठ काढते. तक्ता याच्या उलट सांगत असेल तर एका गाळ्याचं चिन्ह उलटं पडलंय.

आता कायमच्या भाराच्या 36.5 मध्ये हे मिळवलं. 19 मिलिमीटरला ब वर 36.5 वजा 40, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. क वर 36.5 अधिक 25.5, म्हणजे 62. खोकी वाईट तऱ्हेने भरली तर क वर 90, जोड 69 चा. जो खांब खचला त्याच्यावरचा जोड आरामात आहे, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तो क मोडायला टेकलाय. रंगाचा तडा तिथेच होता.

आप्पांना फोन करून माळा पूर्ण रिकामा करायला सांगितला. काढणीच्या दिवसांत खोकी बाहेर ताडपत्रीखाली ठेवायची म्हटल्यावर ते वैतागले, पण केलं.

14 जानेवारी

पाइप बदलून फरशीवरून नेला. ₹6,500. मालकांचा आग्रह होता की लगेच जॅक लावून बीम उचलून टाकू. नको म्हटलं. ब 10 मिलिमीटर खचल्याने त्याच्यावरचा भार फक्त 10 ने कमी होतो, मूळच्या 73 मधून. बीमने पायाला दिलेला आधार एवढाच. उचललं की ते 10 पुन्हा ओल्या मातीवर येणार, आणि खोकी भरली की वर आणखी. आधी माती, मग बीम.

18 ते 25 जानेवारी

पायाभोवती खोदून जुन्या काँक्रीटला सळया बसवल्या आणि कॉलर ओतली, पाया 1.8 मीटर चौकोनी झाला. एका वेळी एकच बाजू उघडी केली. खोदताना माती हाताला चिकटत होती, पण खाली पाणी साचलेलं नव्हतं. ₹31,000. कॉलर ओतण्याआधी जे वजन पायावर होतं ते तिच्यावर जात नाही, पुढे वाढणारं वजनच ती वाटून घेते. म्हणूनही ती जॅकच्या आधी हवी.

3 फेब्रुवारी

एक दिवस वाया गेला, पण कशामुळे ते लिहून ठेवतो.

उचलण्याआधी ब खरोखर किती भार घेतोय ते जॅकने मोजायचं ठरवलं. खांबाच्या दोन्ही बाजूंना एकेक 10 टनी जॅक, एकाच पंपावर. भाडं दिवसाला ₹2,500. जॅकखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर फरशीवर टाकले.

तक्त्यावरून ब उचलताना भार मिलिमीटरमागे 1 ने वाढायला हवा. प्रत्यक्षात 0.6 ने वाढत होता. बीम इतका लवचीक असूच शकत नाही. स्लीपरला डायल गेज लावल्यावर कळलं, फरशी खाली दबत होती. आम्ही जॅकचा दट्ट्या किती बाहेर आला ते वाचत होतो आणि त्यातलं निम्म्याजवळ फरशी गिळत होती. दर मिलिमीटरचा अपेक्षित आकडा आधी काढून ठेवला नसता तर हे लक्षातच आलं नसतं.

7 फेब्रुवारी

खांबालाच टोपीच्या खाली ब्रॅकेट वेल्ड केले, ब आणि क दोन्हीकडे, आणि जॅक त्यांच्यावर बसवले. आता भार त्याच खांबातून त्याच पायात जातो. प्लेट, ब्रॅकेट, वेल्डर मिळून ₹9,400. डायल गेज दोन मीटर लांब ठोकलेल्या खुंट्यांवरच्या आडव्या पाइपाला लावला, खांबाला नाही.

8 फेब्रुवारी

सकाळी वाचन. रीत अशी: जॅक हळू चढवायचा, बीम आणि खांबाची टोपी यांच्यामध्ये 0.1 मिलिमीटरची फीलर पट्टी सरकली की दाब वाचायचा. मग उतरवताना पट्टी अडकते त्या क्षणी पुन्हा वाचायचा आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. जॅकचं घर्षण चढताना एका बाजूला ओढतं, उतरताना दुसऱ्या.

क वर पहिल्यांदा 95 च्या पुढे गेलो तरी फट पडेना. बोल्ट काढलेत असं वेल्डर म्हणत होता, पण मागच्या बाजूचा एक गंजून तसाच राहिला होता. तो कापला आणि मग वाचन आलं:

ब: चढताना 63, उतरताना 59, सरासरी 61.
क: चढताना 86, उतरताना 81, सरासरी 83.5.

इथे 19 मिलिमीटरचा आकडा खोटा पडला. 10 मिलिमीटर खचण्याने ब ची प्रतिक्रिया 9.9 ने घटते आणि क ची 8.4 ने वाढते. दोन्हींतला फरक 10 मिलिमीटरला 18.3. बीम डावा-उजवा सारखा आहे आणि माळा रिकामा आहे, त्यामुळे भाराचा आकडा थोडा चुकला असला तरी तो दोन्हीकडे सारखाच चुकतो आणि वजाबाकीत निघून जातो. तोच जॅक, तोच पंप, म्हणजे घर्षणही बऱ्यापैकी निघून जातं. एकट्या ब च्या वाचनावर भरवसा ठेवला असता तर भारातली पाच टक्क्यांची चूक जवळजवळ चार मिलिमीटर होऊन बसली असती.

फरक आला 22.5. खचणं 12.3 मिलिमीटर. 19 असतं तर फरक 35 यायला हवा होता, आणि एवढी चूक वाचनात नाही. दोन्हींची बेरीज 144.5, हिशेबाने 144.8. म्हणजे मीटरला 12 हा भारही बरोबर निघाला.

ब वर 5 मिलिमीटर उचलून पाहिलं, भार 5.2 ने वाढला. हिशेब 5 चा. कोब्याने थोडा ताठरपणा दिला असावा, पण लोखंडाचा EI धरणं चालण्यासारखं आहे. खाली सोडलं.

10 फेब्रुवारी

मग उरलेले 7 मिलिमीटर कुठले? बीम बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला बोलावलं. त्याच्या बरोबर जुना कारागीरही आला. कारागीर म्हणाला, "ब ची टोपी तेव्हापासूनच खाली होती, भो. तुकडे टेकवले आणि जसे बसले तसे जोडले. सात-आठ सूत म्हणा."

"सूत नाही रे, मिलिमीटर," फॅब्रिकेटर म्हणाला. "सात-आठ सुतं खाली असतं तर तेव्हाच उचलून घेतलं असतं."

सगळा उलगडा याच्यात आहे. तुकडे सुटे असताना ब 7 मिलिमीटर खाली असला तरी ते नुसते तिरके टेकले, वाकले नाहीत. त्या तिरक्या अवस्थेतच ते जोडले गेले. तेव्हा या बीमसाठी ब ची बिनताणाची जागा मुळात 7 मिलिमीटर खालीच आहे. मोमेंट येतं ते त्या जागेपासून पुढे जेवढं खचलं त्याने, म्हणजे 12 ने. लेव्हलला हा फरक दिसत नाही. सरळ एकसंध बीम आणून खाली असलेल्या टोपीवर दाबून बोल्ट केला असता तर तेच 7 मिलिमीटर खचण्यासारखे मोजावे लागले असते. म्हणून बीम कसा बसवला ते विचारल्याशिवाय पातळीचा आकडा तक्त्यात घालू नये.

आता 12 वर पुन्हा हिशेब: क वर खचण्याचे 16. नुसत्या कायमच्या भाराला 53, वाईट तऱ्हेने भरलेल्या माळ्याला 80. अजूनही 69 च्या वर. पण अर्धा भार, मीटरला 4, ठेवला तर 67. अर्धी खोकी परत वर नेली तर चालेल असं आप्पांना सांगितलं.

11 फेब्रुवारी

आप्पांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांना माळा सपाट हवा, ट्रॉली ब पाशी अडकते. "साहेब, जॅक लावलाच आहे तर 19 च्या 19 उचला ना. सात मिलिमीटरने काय होतंय?"

होतं असं. 19 उचलले तर ब बिनताणाच्या जागेपेक्षा 7 मिलिमीटर वर जाईल. तोच तक्ता उलट्या चिन्हाने: ब वर 21 ला 0.7 ने गुणून साडेचौदा, या खेपेला हॉगिंग. भरलेल्या माळ्याच्या 64 मध्ये ते मिळवले की ब चा जोड 79 ला. क ला वाचवताना ब मोडायचा. त्यातही मिलिमीटरमागे ब वर 2.1 चढतात आणि क वर 1.35, म्हणजे जास्त उचलणं कमी उचलण्यापेक्षा महाग पडतं. 69 ची मर्यादा पाळायची तर बिनताणाच्या जागेपासून वर फार तर 2 मिलिमीटर आणि खाली साडेतीन, एवढीच मुभा.

ठरलं: 12 उचलायचे, उरलेले 7 कोब्यात उतार काढून भरायचे. दोन्ही जोडांच्या पट्ट्या वाढवून 19 उचलता आले असते. पण क च्या जोडावर वरून वेल्ड करायचं म्हणजे आधी त्याचा ताण काढायचा, आणि त्यासाठी आधी 12 उचलावेच लागतात.

14 फेब्रुवारी

माळा पुन्हा रिकामा. सगळे बोल्ट ढिले, या वेळी मी स्वतः पाहिले. टप्प्याटप्प्याने 13 मिलिमीटरपर्यंत चढवलं, 10 आणि 2 मिलिमीटरच्या प्लेटा सरकवल्या आणि सोडलं. डायलवर निव्वळ चढ 11.5. प्लेटांमध्ये थोडं बसलं असणार.

मग परत सुटण्याचं वाचन: ब 73, क 74. फरक 1. हिशेबाने अर्ध्या मिलिमीटरचं खचणं बाकी. प्लेटा कडेने टाके मारून धरल्या, बोल्ट बसवले. क च्या वेल्डवरचा रंग खरवडून डाय-पेनिट्रंट लावून पाहिलं. तडा रंगालाच होता, वेल्डला नव्हता.

एक आडवी गोष्ट, कारण दोघांनी विचारलं. बीम आरसीसीचा असता तर हे सगळं असं सरळ झालं नसतं. तिथे तडे गेल्यावर EI किती उरतो ते नक्की नसतं, आणि खचणं महिनोन्‌महिने हळूहळू झालं असेल तर काँक्रीट क्रीपने सरकत बरंचसं मोमेंट स्वतःच सोडून देतं. पूर्ण EI घालून आलेला आकडा मग खूप मोठा येतो. हा तक्ता जसाच्या तसा तिकडे नेऊ नये.

26 फेब्रुवारी

कोबा झाला. माळा पूर्ण भरायला परवानगी दिली. क च्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी भरून अ-ब रिकामा ठेवू नका, असं खांबावर रंगाने लिहून घेतलं. पाळतील असं वाटत नाही, पण 64 त्यासाठीच धरलेत.

20 जून

पहिले मोठे पाऊस झाले. पातळी: ब बसवल्यापासून 0.5 मिलिमीटर खाली.

2 सप्टेंबर

ब एकूण 1.5 मिलिमीटर खाली. शिल्लक अर्ध्यासकट बिनताणाच्या जागेखाली 2, क वर पावणेतीन. भरलेल्या माळ्याला 67. मर्यादेच्या आत, पण पुढे आणखी दीड मिलिमीटरच सवड उरली. ब्रॅकेट कापायचे नाहीत असं आप्पांना सांगितलं. पुढची पातळी दिवाळीनंतर. ब आणखी 1 मिलिमीटर गेला असेल तर माळा रिकामा करून 2 ची एक प्लेट वाढवायची, आणि त्या आधी दोन्ही खांबांचं सुटण्याचं वाचन घ्यायचं.